टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी वाढण्यासाठी पुरुषी संप्रेरकांवर, म्हणजे अँड्रोजेनवर, अवलंबून असतात. त्यातले मुख्य संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. ते वृषणात तयार होते, पण त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने जीएनआरएच नावाचे संप्रेरक थोडे थोडे सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला मिळाले की ती एलएच हे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि एलएच पोहोचले की वृषण टेस्टोस्टेरॉन बनवते. प्रोस्टेटमध्ये गेल्यावर त्याचे आणखी जोरकस अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते. ते पेशीतल्या अँड्रोजेन-रिसेप्टरला जाऊन चिकटते आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू करते. त्या जनुकांपैकीच एक पीएसए या प्रथिनाचे आहे. उपचार लागू पडतो आहे की नाही हे रक्तातल्या पीएसएवरून कळते ते याचमुळे.

आजार प्रोस्टेटबाहेर, विशेषतः हाडांत, पसरला की नुसती शस्त्रक्रिया करून किंवा ग्रंथीवर किरणोपचार देऊन तो आटोक्यात येत नाही. तेव्हा ही संप्रेरकांची साखळी तोडणे हा उपचाराचा पाया ठरतो. शिकागो विद्यापीठातले शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह हे दाखवून दिले. त्यांनी काही रुग्णांची वृषणे काढली, काहींना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिले आणि दोन्ही प्रकारांत पसरलेला आजार मागे हटला. कर्करोगाची गाठ आपल्याच मर्जीने वाढते अशी तोवरची समजूत होती. एखादी गाठ शरीरातल्या संप्रेरकाच्या आधारावर जगते आणि आधार काढला की आकसते, हे नवे होते. या कामासाठी हगिन्स यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया आजही केली जाते. ती छोटी असते, एकदाच करावी लागते आणि काही तासांतच टेस्टोस्टेरॉन तळाला नेते. दर तीन महिन्यांनी शहरात येऊन महागडे इंजेक्शन घेणे ज्याला परवडत नाही, त्या रुग्णासाठी ही शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या कमी दर्जाची मुळीच नाही. नकार येतो तो बहुधा मनातून, आणि ते समजण्यासारखे आहे. शिवाय ती परत फिरवता येत नाही.

इंजेक्शनांचा मार्ग अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमन यांच्या संशोधनातून निघाला. मेंदूतल्या संप्रेरकांवरच्या कामासाठी त्यांना 1977 मध्ये नोबेल मिळाले. ल्युप्रोलाइड, गोसरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही औषधे म्हणजे जीएनआरएचच्याच सुधारित नकला. उत्तेजक संप्रेरकाची नक्कल देऊन टेस्टोस्टेरॉन कमी कसे होते, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर लयीत आहे. पिट्युटरीला हा संदेश थांबून थांबून मिळण्याची सवय असते. इंजेक्शनमधून तो अखंड येऊ लागला की ती आधी खवळून भरपूर एलएच सोडते आणि मग त्या संदेशाला बधिर होते. बधिर झाली की एलएच बंद, आणि वृषणही थंड. निरोगी प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉन ढोबळमानाने 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. तीन-चार आठवड्यांत ते 50 च्या खाली उतरते, आणि पुष्कळदा 20 च्याही खाली जाते.

पण सुरुवातीच्या त्या खवळण्यात धोका असतो. पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. आजार मणक्यांत असेल तर तेवढ्यातही गाठ फुगून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो, किंवा लघवी तुंबू शकते. म्हणून बायकॅलुटामाइडसारखी, रिसेप्टरची जागा अडवून धरणारी गोळी इंजेक्शनच्या आधी किंवा बरोबर सुरू करून काही आठवडे चालू ठेवतात. डेगारेलिक्स या इंजेक्शनला आणि रेलुगोलिक्स या गोळीला अशा आडोशाची गरज नसते. ही औषधे पिट्युटरीला न खवळता थेट गप्प करतात आणि टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच खाली आणतात.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. निवृत्त शिक्षक, वय 70, तीन महिने कंबर दुखते आहे. पीएसए 180 निघते. बायोप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग आढळतो. बोन स्कॅनमध्ये कमरेच्या दोन मणक्यांत आणि ओटीपोटाच्या हाडांत डाग दिसतात. एमआरआयमध्ये मज्जारज्जू मोकळा आहे. बायकॅलुटामाइडची 50 मिलिग्रॅमची गोळी सुरू होते, आठवड्याने ल्युप्रोलाइडचे तीन महिने पुरणारे इंजेक्शन दिले जाते आणि महिनाभराने बायकॅलुटामाइड थांबते. याच सुमारास अॅबिराटेरॉन या गोळ्या रोज पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनसह सुरू होतात. वृषणे बंद पडली तरी अॅड्रिनल ग्रंथी थोडे अँड्रोजेन बनवतच राहतात, आणि कर्करोगाच्या पेशीही स्वतःपुरते बनवायला शिकतात. अॅबिराटेरॉन त्या निर्मितीला आवश्यक असलेले एन्झाइमच अडवते. गेल्या दशकातल्या मोठ्या चाचण्यांनंतर पसरलेल्या आजारात नुसत्या इंजेक्शनवर न थांबता सुरुवातीपासूनच असे दुसरे औषध जोडणे प्रमाण मानले जाते.

महिनाभरातच कंबरेचे दुखणे बरेच कमी होते. तिसऱ्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन 14 आणि पीएसए 6 भरते, सातव्या महिन्यात पीएसए 0.1. हा सातवा महिना महत्त्वाचा आहे. जोड-औषधे येण्यापूर्वीच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, सात महिन्यांच्या उपचारानंतर पीएसए 0.2 किंवा त्याखाली असलेल्यांचे मध्यक आयुर्मान 75 महिने होते, तर 4 च्या वर राहिलेल्यांचे केवळ 13 महिने. पीएसए किती खाली उतरते यावरून पुढच्या वाटचालीचा अंदाज येतो तो असा.

पुढे कधी पीएसए सलग वाढू लागले तर आधी टेस्टोस्टेरॉन तपासावे लागते. इंजेक्शनला उशीर झाला किंवा ते नीट दिले गेले नाही तर टेस्टोस्टेरॉन वर आलेले असते आणि दोष औषधाच्या माथी बसतो. टेस्टोस्टेरॉन 50 च्या खाली असूनही पीएसए चढत असेल, तर मात्र कर्करोग या उपचाराला दाद देईनासा झाला आहे असे समजायचे. पेशी रिसेप्टरची संख्या वाढवतात, किंवा संप्रेरकाशिवायच चालू राहणारा रिसेप्टर बनवतात. पसरलेल्या आजारात आज ना उद्या हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. म्हणूनच या उपचाराला नियंत्रण म्हणतात, बरे करणे म्हणत नाहीत. तरीही ते नियंत्रण काही वर्षे टिकू शकते, आणि दुष्परिणामांचा हिशेब महत्त्वाचा होतो तो त्याच वर्षांत.

शिक्षकांना दुसऱ्या महिन्यापासून गरम वाफा यायला लागतात. छातीतून गरम लाट उठून मानेवर, चेहऱ्यावर चढते. कानशिले तापतात, शर्ट घामाने भिजतो, आणि दोन-चार मिनिटांनी अंगात हुडहुडी भरते. दिवसातून आठ-दहा वेळा असे होते, पण खरा त्रास रात्रीचा. अंगावरची चादर काढायची आणि पुन्हा ओढायची, यातच झोप मोडते. घरी थर्मामीटर लावला तर ताप नसतो. हा उपचार घेणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा अनुभव येतो. पाळी जाताना बायकांना जे होते तेच हे, हे घरातल्या बाईच्या आधी लक्षात येते.

आणि ते खरेही आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी इस्ट्रोजेनच असते. पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेन असते, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. टेस्टोस्टेरॉनचा थोडासा भाग चरबीत, हाडांत, मेंदूत अॅरोमॅटेज या एन्झाइमच्या साह्याने इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतो. टेस्टोस्टेरॉनचा झराच आटवला की हे इस्ट्रोजेनही आटते. हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा वचक असतो. तो सुटल्यावर त्या पेशी अतिउत्साही होतात आणि शेजारच्या तापमान-नियंत्रण केंद्राला हुलकावणी देतात. एरवी शरीराचे तापमान थोडे वर-खाली झाले तरी ते केंद्र दुर्लक्ष करते. आता ही सूट जवळजवळ संपते. गरम चहा, तिखट रस्सा, मद्य, कोंदट खोली, एवढे निमित्तही पुरते. अंग तापले आहे असे समजून केंद्र रक्तवाहिन्या सैल करते आणि घाम सोडते.

सौम्य त्रासाला औषध लागत नाही. सुती सैल कपडे, रात्री पंखा, आणि कशाने वाफा येतात याची आठवडाभर नोंद, एवढ्याने पुष्कळांचे भागते. झोप उडत असेल तर गोळ्यांचा विचार होतो. फ्रान्समध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन औषधे ताडून पाहिली गेली. व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाने वाफा कमी झाल्या, पण मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि सायप्रोटेरॉन या संप्रेरक-गोळ्या त्याच्या कितीतरी पुढे निघाल्या. सायप्रोटेरॉनने यकृताला इजा होण्याची भीती असते, त्यामुळे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची रोज 20 मिलिग्रॅमची गोळी हा सहसा पहिला पर्याय ठरतो. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या माणसाला मात्र ती देताना फार जपावे लागते. गॅबापेंटिनचा उपयोग काहींना होतो, तोही माफक. काही जणांच्या वाफा वर्षभरात आपोआप मंदावतात, काहींना उपचार चालू असेपर्यंत त्या सोडत नाहीत.

गरम वाफा जाणवतात म्हणून सांगितल्या तरी जातात. हाडे मात्र न कळत झिजतात. हाडांचे काम आयुष्यभर चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नवे भरतात. खरवडणाऱ्यांना आवर घालण्याचे काम पुरुषांतही प्रामुख्याने इस्ट्रोजेन करते. ते आटले की खणणे वाढते आणि भरणे मागे पडते. त्यात टेस्टोस्टेरॉनअभावी स्नायू घटतात, म्हणून हाडांवर पडणारा ताण कमी होतो आणि तोल जाऊन पडण्याची शक्यता वाढते. पहिल्या वर्षातच कमरेच्या मणक्यांची घनता दोन ते आठ टक्क्यांनी उतरू शकते. एरवी उतारवयातल्या पुरुषात ही घट वर्षाला अर्धा-एक टक्का असते. अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या 19.4 टक्के पुरुषांचे हाड मोडले होते. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण 12.6 टक्के होते.

याचे मोजमाप डेक्सा स्कॅनने होते. दहा-पंधरा मिनिटांची, न दुखणारी तपासणी. तरुण निरोगी माणसाच्या तुलनेत हाड किती विरळ आहे ते टी-स्कोअर सांगतो. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ही तपासणी उपचार सुरू होतानाच व्हायला हवी, पण घाईत राहून जाते. आपल्या शिक्षकांच्या अहवालात एक विसंगती दिसते. कमरेच्या मणक्यांचा स्कोअर अधिक 0.8, म्हणजे उत्तम, आणि खुब्याचा उणे 2.1. प्रोस्टेटचा कर्करोग हाडात शिरला की तिथे बहुधा दाट, कडक पण निकृष्ट हाड तयार होते. वयानुसार मणक्यांना फुटलेल्या काट्यांचीही त्यात भर पडते. यंत्र हे सगळे घनता म्हणूनच मोजते. त्यामुळे मणक्यांचा आकडा बाजूला ठेवून खुब्याचा, किंवा तो मिळत नसेल तर मनगटाजवळच्या हाडाचा आकडा धरायचा असतो.

उणे 2.1 म्हणजे अजून ऑस्टिओपोरोसिस नव्हे. पण वय 70, रोजचे प्रेडनिसोलोन आणि पुढची काही वर्षे चालणारा उपचार, ही बेरीज केली की औषध आत्ताच सुरू करणे शहाणपणाचे. त्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. रक्तात ड जीवनसत्त्व केवळ 11 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघते, म्हणजे खूपच कमी. ते भरून न काढता हाडांचे इंजेक्शन दिले तर रक्तातले कॅल्शियम घसरून हातापायांना मुंग्या आणि पेटके येतात, वाढल्यास झटकेही. म्हणून आठ आठवडे दर आठवड्याला 60,000 युनिटचे पाऊच आणि त्यानंतर रोजची छोटी मात्रा. कॅल्शियम आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम पुरते. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून बरेचसे भागत असेल तर गोळी कमी करता येते. दुसरी गोष्ट दात. शिक्षकांची एक किडलेली दाढ काढायची राहिली आहे. ती आधी काढून जखम भरू द्यायची, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते आणि महिनोन्‌महिने भरत नाही.

मग मूत्रपिंडे नीट चालतात हे पाहून झोलेड्रॉनिक अॅसिडचे पाच मिलिग्रॅमचे सलाइन दिले जाते, वर्षातून एकदा. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण पुढच्या वर्षी येत नाही. दुसरा पर्याय डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी 60 मिलिग्रॅम त्वचेखाली. संप्रेरक-उपचारावरच्या 1468 पुरुषांवर झालेल्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे नवे अस्थिभंग डेनोसुमॅबच्या गटात 1.5 टक्के आणि नुसत्या सलाइनच्या पाण्याच्या इंजेक्शनच्या गटात 3.9 टक्के होते. पण डेनोसुमॅब मध्येच सोडता येत नाही. ते थांबल्यावर दाबून ठेवलेल्या ऑस्टिओक्लास्ट एकदम उसळतात आणि काही महिन्यांत एकाहून अधिक मणके खचल्याची उदाहरणे आहेत. थांबवायचेच असेल तर त्या जागी झोलेड्रॉनिक अॅसिडसारखे औषध द्यावे लागते. सहामाही तारीख नक्की पाळता येईल का, हा प्रश्न म्हणूनच निवडीच्या वेळी विचारावा लागतो.

याच औषधांची मोठी मात्रा, म्हणजे डेनोसुमॅब 120 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, ही वेगळी गोष्ट आहे. ती कर्करोग हाडांत पसरलेला असून संप्रेरक-उपचाराला दाद देईनासा झाला की वापरतात. उपचार लागू पडत असताना ती मात्रा देण्यात खास लाभ दिसलेला नाही, जबड्याचा धोका मात्र वाढतो.

व्यायामही औषधासारखा मात्रेत सांगावा लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम आणि जवळजवळ रोज भरभर चालणे. स्नायू टिकतात, थकवा कमी होतो आणि तोल सावरतो. हाडांची घनता त्याने फारशी वाढत नाही, ते काम औषधाचे. कर्करोगाने पोखरलेल्या मणक्यावर भार पडेल असे वाकून वजन उचलणे टाळायचे. लैंगिक इच्छा जाणे, पोटाची चरबी आणि रक्तातली साखर वाढणे, हिमोग्लोबिन थोडे उतरणे, मन खिन्न राहणे हेही या उपचारात होते. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉन यांची नियमित तपासणी त्यासाठीच करतात.

वाफा आणि हाडांची झीज या दोन्हींचे मूळ इस्ट्रोजेनच्या अभावात असेल, तर इस्ट्रोजेन देऊनच टेस्टोस्टेरॉन का दाबू नये? हगिन्स यांनी नेमके तेच केले होते. स्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनच्या गोळ्या कित्येक वर्षे वापरात होत्या. पण 1960 च्या दशकातल्या अमेरिकी चाचण्यांत त्या घेणारे रुग्ण हृदयविकाराने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी जास्त दगावताना दिसले आणि त्या मागे पडल्या. पोटातून गेलेली गोळी आधी यकृतात पोहोचते आणि तिथे रक्त गोठवणारी प्रथिने वाढवते, हा तो दोष. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्यावर त्वचेला चिकटवायच्या इस्ट्रोजेन-पट्टीचा मार्ग आजमावला, कारण ती यकृताला वळसा घालते. स्थानिक पातळीवर वाढलेल्या, दूर न पसरलेल्या आजारात या पट्ट्या कर्करोग रोखण्यात इंजेक्शनच्या बरोबरीच्या ठरल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. गरम वाफा सुमारे निम्म्यावर आल्या आणि हाडेही राखली गेली. बदल्यात बहुतेक पुरुषांची छाती वाढली.

शिक्षकांचा खुब्याचा टी-स्कोअर दोन वर्षांनी उणे 2.0 येतो, म्हणजे घसरण थांबली आहे. पण पाठ पुन्हा दुखू लागते आणि उंची तपासली तर तीन सेंटिमीटर कमी भरते. अशा दुखण्याची दोन कारणे असू शकतात, विरळ हाड खचणे किंवा कर्करोग पुन्हा वाढणे, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. पीएसए 0.1 वरच आहे, हा एक धागा. एमआरआयमध्ये फक्त पाठीचा एक मणका पुढून चेपलेला दिसतो, त्यात गाठ नाही, आणि जुने डाग शांत आहेत. म्हणजे हा अस्थिभंग आहे. वेदनाशामक, काही दिवस आराम आणि हाडांच्या औषधाचा फेरविचार, एवढ्यावर भागते. पाठदुखीबरोबर पायात अशक्तपणा, बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यातले काही असते, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागले असते. मज्जारज्जू दाबला गेल्यावर चालता येत असताना उपचार सुरू झाले तर माणूस बहुधा चालता राहतो. पाय लुळे पडल्यानंतर ते परत येण्याची शक्यता फार थोडी उरते.